नावापुढची बाई

गडचिरोली जिल्ह्यात वडशाच्या स्टेशन रोडवर माझं फ्लेक्सचं दुकान आहे. हिवाळ्यात झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या या धानाच्या मुलखातली, नाटकं सुरू झाली की मान वर करायला सवड मिळत नाही. पोस्टर, हँडबिल, बॅनर, सगळ्यांना कालच पाहिजे असतं. बाकीच्या दिवसांत मी लोकांचे अर्ज भरते. आधार, शिष्यवृत्ती, पीक विमा, सातबाऱ्यावरची चूक. इंग्रजीत काही लिहायचं असलं की लोक माझ्याकडे येतात आणि मी चिडत चिडत लिहून देते. चिडते कारण प्रत्येक जण 'मायबाप सरकार'पासून सुरुवात करायला सांगतो. मी म्हणते, अर्ज करता की पाय धरता?

या धंद्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकले. पोस्टरवर कोणाचं नाव कुठं आणि कसं येतं यावरून माणसं वर्षभर अबोला धरतात. कोणी विनोदसम्राट असतो, कोणी सिनेतारका, कोणी नृत्यबिजली. एकदा एका विनोदसम्राटाचा 'सम्राट' दुसऱ्या ओळीत गेला तर तो माझ्या दुकानासमोर गाडी लावून बसून राहिला होता. या सगळ्या सम्राटांच्या गर्दीत एकच नाव असं होतं की त्याला पदवी नव्हती. फक्त नाव आणि नावापुढं 'बाई'. मी लहानपणापासून हँडबिलावर ते तसंच वाचत आले, आणि पुढं माझ्या हातानं तसंच छापत आले.

त्या बाई आता साठीच्या पुढच्या. राजमाता, खाष्ट सासू, पोराला शाप देणारी आई, अशा भूमिका त्यांच्या. स्टेजवर आल्या की पुढची पोरंटोरं गप बसतात. घरी मात्र अतिशय मऊ बोलणारं माणूस. दुकानात आल्या की उंबऱ्यातूनच "जय भीम, पोरी" म्हणणार आणि मी खुर्ची देईपर्यंत उभ्या राहणार. मी त्यांना बाईच म्हणते. अख्खं वडसा म्हणतं.

कोरोनाच्या साली नाटकं बंद पडली तेव्हा त्यांच्या लेकीनं त्यांचं व्हिडिओचं चॅनल काढलं. लेक गडचिरोलीला सरकारी दवाखान्यात नर्स. सुटीत घरी आली की आईला अंगणात बाजेवर बसवून मोबाईल धरायची. बाई जुन्या नाटकांतली गाणी म्हणायच्या, मधेच बैलगाडीनं पडदे नेत होते तेव्हाचे किस्से सांगायच्या. पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली आपली माणसं ते रात्रंदिवस ऐकायला लागली. बघता बघता वर्गणीदार लाखावर गेले. वर्गणीदार म्हणजे बटण दाबणारे, खिशात हात न घालणारे. व्हिडिओवर दिसणारी चित्रं मीच करून द्यायचे, त्यावर मोठ्या अक्षरांत बाईंचं नाव.

मग दुसरं चॅनल निघालं. कोणी काढलं, कुठून काढलं, काही पत्ता नाही. नाव तेच, फोटो तोच. बाईंच्या जुन्या नाटकांतले तुकडे तोडून टाकलेले आणि त्यावर हिंदीत असले मथळे की मी ते इथं लिहिणार नाही. आपल्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, शेजारच्या म्हातारीला बाई म्हणतात. त्या मथळ्यांमध्ये त्याच शब्दाचं भलतंच काही करून ठेवलं होतं.

आरमोरीकडच्या एका गावचं मंडळ मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकासाठी बॅनर करायला माझ्याकडे आलं, तेव्हा त्यांच्यातला एक जण हळूच म्हणाला, "ताई, कंपनीवाल्याले सांगजा, त्या बाईले घेऊ नोका म्हणा. आमच्या गावात बाया-पोरी बसून नाटक पाह्यतेत."

मी म्हटलं, "दादा, तुम्ही त्याहीचं नाटक किती साल पाह्यलं?"

"लहानपनापासून. पन आता मोबाईलवर का का येऊन राह्यलं, तुम्ही पाह्यलं नाई काय?"

मी त्याला खरं चॅनल दाखवलं, खोटं दाखवलं. तो मान हलवत राहिला. दोन्हीकडं तोच चेहरा, तेच नाव. त्याच्या जागी मी असते तर मलाही कळलं नसतं, हे मला तेव्हा कबूल करवेना.

ही कुजबूज बाईंच्या नाटक कंपनीच्या निर्मात्याच्या कानावर गेली. तो वाईट माणूस नाही, पण भित्रा. बाईंना माझ्याच दुकानात बोलावून म्हणाला, "बाई, माह्या मनात काही नाई. पन मंडळवाले आजकाल मोबाईल पाहून नाटक ठरवतेत. मोठ्या मोठ्या चॅनलच्या नावामागं ते बरोबरची खूण राह्यते ना, थे आनून घ्या. मंग कोनाचं तोंड उघडनार नाई. दसऱ्याले पोस्टर छापाचं आहे. तवरिक नाई आली त या साली तुमचा फोटो नाई ठेवता येत."

बाई "बरं" म्हणाल्या. एवढंच. चाळीसेक हंगाम ज्या चेहऱ्यावर कंपनीनं तिकिटं विकली त्या चेहऱ्याला आता मोबाईलकडून दाखला आणायचा होता. मला इतका राग आला की मी प्रिंटरवर हात आपटला, आणि त्यानं त्या दिवसापुरतं काम बंद केलं.

लेकीनं गडचिरोलीहून अर्ज केला. त्याची पद्धत तशी सोपी असते. चॅनलला लाखभर वर्गणीदार हवेत, चॅनल खरं आणि चालू हवं, मग त्यांच्या फॉर्मवर माहिती भरायची. ते तपासतात आणि कळवतात. अर्ज पोचल्याची मेल आली, तपासणीला काही आठवडे लागतील म्हणून. ते आठवडे गेले. पोळा गेला, गणपती गेले. धान पोटरीला आलं. काहीच कळेना.

एक दिवस दुपारी बाई छत्री मिटून दुकानात आल्या. "पोरी, काऊन अडकलं असन?"

मी म्हटलं, "सरकारी काम अन् सहा महिने थांब. हे त सरकार बी नाई, याहीले कोन विचारन?"

"विचारून त पाहू."

विचारायची सोय होती. ज्या चॅनलवर जाहिराती सुरू असतात त्यांना व्हिडिओवाल्या कंपनीच्या मदत विभागाला थेट लिहिता येतं. चॅनल लेकीच्या नावानं उघडलेलं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता, पण नव्या कॉम्प्युटरवर उघडायचं तर कोड लेकीच्या फोनवर जाणार. ती ड्युटीवर. आम्ही फोन करत राहिलो. बाईंनी तेवढ्यात माझ्या दुकानातला सगळा कचरा झाडून काढला, मी नाही नाही म्हणत असताना. शेवटी कोड आला. मी सरळ मदतीच्या खिडकीत गेले. कोपऱ्यात बाईंचा छोटासा गोल फोटो दिसत होता, बाकी चॅनलकडं मी पाहिलंही नाही.

आणि मी लिहायला बसले. मी काय लिहिलं ते सांगायला हरकत नाही. आमचा अर्ज तुम्ही इतके दिवस दाबून ठेवला आहे, तुमच्या हलगर्जीपणामुळे एका ज्येष्ठ कलावतीची बदनामी होत आहे, ताबडतोब खुलासा करा. इंग्रजीत ते आणखी झणझणीत वाटत होतं. मी बाईंना मराठीत वाचून दाखवलं, शाबासकीच्या अपेक्षेनं.

बाई म्हणाल्या, "हे त सासूचं भाषन झालं. माह्या तिसऱ्या अंकातलं."

"मंग का लिवू? मायबाप?"

"तसं बी नोको. पोरी, तिकडं कोनी तरी खुर्चीवर बसून राह्यलं असन ना? माह्या पोरीवानी. तिच्या दवाखान्यात लोक आले की पयले तिलेच शिव्या देतेत, औषध नाई म्हनून. औषध का तिनं खाल्लं काय?"

मी म्हटलं, "रडल्याशिवाय माय बी दूध पाजत नाही, बाई."

"रड. पन समोरची माय समजून रड. वैरीन समजून काऊन रडतं?"

मी आधीचं सगळं पुसलं. मग त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. इंग्रजी माझं, पण बोलणं त्यांचं. मराठीत ते असं होईल:

'नमस्कार. आमच्या चॅनलच्या पडताळणीचा अर्ज आपल्याला पोचला, असं आपण कळवलं होतं. त्याबद्दल आभारी आहोत. आपण सांगितलेली मुदत आता उलटून गेली आहे. तपासणी कुठपर्यंत आली, एवढं कळवावं ही विनंती. आमच्याच नावानं आणि फोटोनं दुसरं कोणी चॅनल चालवत आहे आणि त्यामुळे गावोगावचे लोक फसत आहेत, म्हणून विचारत आहोत. आपल्याकडे असे पुष्कळ अर्ज येत असतील, हे आम्ही समजतो. आमच्याकडून काही राहिलं असेल तर तेही सांगावं.'

शेवटच्या वाक्यावर आमचं वाजलं. मी म्हटलं, "हे काऊन लिवाचं? आपून सगळं भरलं. आपल्याच अंगावर कायले घ्याचं?"

"असन काही राह्यलं त कळन. नसन त त्याहीचं काय जाते, आपलं काय जाते?"

"ते याच वाक्याचा फायदा घेतीन पाहा."

"घेऊ दे. लिव."

लिहिलं. पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं आणि आम्ही दोघी खुर्चीतून उठलो. 'आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. आपला संदेश मिळाला आहे.' ते मशीनचं उत्तर होतं. बाईंना ते कळल्यावर त्या म्हणाल्या, "मशीन बी किती गोड बोलून राह्यली पाहा. तू शिक काही."

पुढचे काही दिवस मी रोज मेल उघडून पाहायचे. निर्मात्याचा माणूस पोस्टरची फाईल पाहायला यायचा. मी दोन फाईली करून ठेवल्या होत्या, एक बाईंच्या फोटोची, एक बिनफोटोची. दुसरी त्याला दाखवायची माझी हिंमत होत नव्हती.

रविवारी लेक सुटी घेऊन वडशाला आली. दोघी मायलेकी दुकानात आल्या. लेकीनं माझ्यासाठी गडचिरोलीहून मोहफुलाचे लाडू आणले होते. ती मला ताई म्हणते, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान. हुशार, नेटकी पोरगी. मी लाडू तोंडात टाकून मेल उघडली, आणि उत्तर आलेलं होतं. मशीनचं नव्हतं. कोणा माणसानं लिहिलेलं, खाली त्याचं नाव, वर उशिराबद्दल माफी.

मी मोठ्यानं वाचत मराठी करत गेले. म्हणे, आपण शांतपणे विचारलंत त्याबद्दल आभार. मुदत उलटूनही आम्ही आपल्याला आपणहून कळवलं नाही, त्याबद्दल दिलगीर आहोत. आमच्याकडून काही राहिलं का, असं आपण विचारलंत, म्हणून पुन्हा तपासून पाहिलं. अर्ज आल्यानंतर चॅनलचं नाव बदललेलं दिसतं. ज्या नावासाठी अर्ज होता ते नाव चॅनलवर नसल्यामुळे तपासणी पुढं गेली नाही आणि तो अर्ज बंद झाला. लोक आपल्याला ज्या नावानं ओळखतात ते नाव ठेवून नवा अर्ज करावा. खूण मिळाल्यावर नाव बदललं तरी खूण जाते, हे ध्यानात असू द्यावं. आणि नक्कल करणाऱ्या चॅनलची तक्रार या खुणेनं होत नाही, त्याचा फॉर्म वेगळा आहे. त्याची लिंकही दिली होती.

"नाव बदललं?" मी म्हटलं. "कोनं बदललं? हॅक-बिक झालं काय?"

मी चॅनल उघडलं. व्हिडिओंच्या चित्रांवर माझ्याच हातची मोठी मराठी अक्षरं, 'बाई'सकट. त्यांच्याखाली चॅनलचं नाव बारीक इंग्रजीत असतं, ते मी कधी वाचतच नव्हते. आता वाचलं. बाईंचं नाव, त्यांच्या नवऱ्याचं नाव, आडनाव. शेवटी सुटं लिहिलेलं 'बाई' होतं, ते गेलेलं.

लेक म्हणाली, "मी बदललं, ताई. आधारवर बाई नाई ना. मले वाटलं नावात तफावत निघन."

मला हसूच आलं. नावात तफावत! माझं अर्धं दुकान या दोन शब्दांवर चालतं. रेशनवर काशिनाथ, आधारवर काशीनाथ, झाली तफावत, आला पैसा परत. इथल्या प्रत्येक माणसाच्या मनात ही भीती बसलेली आहे की आपलं नाव आधारवर आहे तसं नसलं तर आपण नाहीच. पण यांना आधार लागतच नव्हतं. यांना एवढंच हवं होतं की लोक बाईंना काय म्हणतात. म्हणजे पोरीनं काम सोपं व्हावं म्हणून केलं आणि त्यानंच अर्ज मेला. मी तिला म्हटलं, "अवो, शिकल्या-सवरलेल्या तुम्ही, मले एक फोन त कराचा."

बाई हसल्या नाहीत. त्या लेकीकडं पाहत होत्या. "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

लेक लाडवांचा डबा बंद करायला लागली.

"आधारचंच होतं त सांगाचं होतं ना. मी का नाई म्हनली असती?"

ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तसं ते लेकीला जमेना. ती टेबलावरचा टेप उचलून ठेवायला लागली, पुन्हा उचलायला लागली. मग बोलली ती भरभर बोलली. वॉर्डात बाहेरगावचा नवा स्टाफ आला होता. त्यांच्यापैकी एकीनं जेवणाच्या सुटीत मोबाईलवर ते दुसरं चॅनल लावलं. सगळ्या हसत होत्या. एकीनं विचारलं, ये कौन बाई है, तुम्हारे वडसा की है ना?

"अन् मी म्हनली, मले नाई माहीत."

लेक रडत नव्हती, तिचा चेहरा लाल झाला होता. "आई, त्या शब्दानं त्याहीले काहीच्या काही वाटते. आपल्याकडं चालते, तिकडं नाई चालत. मले वाटलं, अर्ज त तसाबी आधारच्या नावानंच पास होईन, तेवढं काढलं त दोन्ही कामं होतीन. फक्त नाव राहीन. चांगलं दिसन."

मला त्या पोरीचा संताप आला. तोंडात आलेले शब्द मी लाडवाबरोबर गिळले, कारण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मधे बोलायची ती जागा नव्हती.

बाई बोलल्या त्या लेकीशीच, पण माझ्याकडं पाहून.

"मी लाइनीत आली तवा हँडबिलावर मानसाच्या नावामागं भाऊ राहे, गुरुजी राहे, पाटील राहे. आमचं बायाहीचं नुसतं नाव. तेबी उघडं, पोरीले बोलवावं तसं. गावात गेलो की मानसाहीले पाटलाच्या ओसरीवर उतरवत, आमाले गोठ्याच्या बाजूले. नाटकात रानी होती मी, अन् पानी मांगाले गेली की बाया दार लावून घेत." त्यांनी पदर सारखा केला. "एका साली कुरखेड्याकडच्या गावात सकाळी आम्ही सामान बांधत होतो. एक म्हातारी आली. रात्री मी आईचं काम केलं होतं. म्हने, बाई, चाला, घरी चहा घ्या. चुलीजवळ बसवलं मले. तवापासून त्या गावचे लोक बाई म्हनत. मंग त्याच्या बाजूच्या गावचे. मंग प्रेसवाल्यानं विचारलं, हँडबिलावर का टाकू? मी म्हनली, लोक म्हनतेत ते टाक. मी मांगतलं नाई कोनाले ते."

लेक म्हणाली, "मले हे नाई माहीत होतं."

"तुले कायले सांगीन? तू लहानशी होतीस. आपल्या मायले गोठ्यात उतरवत, हे पोरीले सांगाचं काय?"

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चॅनल तुह्या नावानं हाय. तुले नको असन त नको ठेवू. मी भांडत नाई. फक्त त्या साहेबाले लिव, उत्तर दिलं म्हनून बरं वाटलं. त्यानं आपल्यासाठी दुसऱ्यांदा पाह्यलं." आणि त्या छत्री घेऊन घरी निघून गेल्या. मला वाटलं होतं त्या लेकीला बोलतील, निदान तिसऱ्या अंकातलं काही तरी. त्यांनी तेवढंही केलं नाही, आणि ते पाहून मलाच रडू आलं.

लेक दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली. समोर राइसमिलचे ट्रक चालले होते, ती त्यांच्याकडं पाहत होती. मी काही बोलले नाही, आणि माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं हे माझ्या नवऱ्याला विचारा. बऱ्याच वेळानं ती आत आली, माझ्या खुर्चीवर बसली आणि स्वतःच चॅनलच्या नावात गेली. आडनावापुढं तिनं तीन इंग्रजी अक्षरं टाकली. सेव्ह करायच्या आधी माझ्याकडं वळून म्हणाली, "पुन्हा बदलवता येते काय थोड्या दिवसांत?"

"थोड्या दिवसांत फार खेप नाई येत. अन् बदललं की खूण बी जाते, वाचलं ना?"

"मंग बरं हाय," म्हणाली, आणि बटण दाबलं.

नवा अर्ज तिनंच भरला. नक्कल करणाऱ्याची तक्रार मी वेगळ्या फॉर्मवर केली, दोन्ही चॅनलच्या लिंका देऊन. मदत विभागाच्या त्या माणसाला आभाराचं उत्तर तिनं लिहिलं. चांगलं लिहिलं, मला एक शब्द बदलावा लागला नाही.

दसऱ्याला काही खूण आली नव्हती. निर्माता आला, मी त्याला मेल वाचून दाखवली, लेकीनं भरलेला अर्ज दाखवला. तो म्हणाला, "ताई, मले पटते. मंडळवाल्याले कसं पटवू?" शेवटी बाईच म्हणाल्या की फोटो नको, नाव ठेवा. त्या साली पोस्टर बिनफोटोचं गेलं. दुसऱ्या एका बाईचा फोटो मधे आला, छान पोरगी आहे ती, तिचा काय दोष. आरमोरीकडच्या त्या गावचं नाटक गेलं ते गेलंच. बाई पहिल्या प्रयोगाला निघाल्या तेव्हा गाडीत मागच्या सीटवर बसल्या. दरवर्षी त्या पुढं बसत.

खूण दिवाळीनंतर आली. नाटकं जोरात सुरू होती, मी शाई आणि फ्लेक्सच्या रोलात बुडालेली, मेल पाहायलाही वेळ नव्हता. खोटं चॅनल त्याआधीच कधी तरी बंद झालं होतं, कोणी गाजावाजा केला नाही. त्या बारीक इंग्रजी अक्षरांच्या शेवटी करड्या रंगाचा एक गोल आणि त्यात बरोबरची खूण. मी बाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, "एवढीशीच काय व ते?" म्हणाल्या आणि तालमीला गेल्या.

तीन-चार दिवसांनी लेकीचा फोन आला. मला वाटलं जाहिरातीचं काही विचारायचं असेल. ती म्हणाली, "ताई, आज जेवणाच्या सुटीत मी आईचं गानं लावलं. स्टाफरूममध्ये. आवाज मोठा करून."

मी म्हटलं, "मंग?"

"त्याहीनं विचारलं, कोन आहे? मी म्हनली, माही आई आहे. झाडीपट्टीत त्याहीले बाई म्हनतेत. एक जनी म्हने, पुन्हा लाव."

मी काम तसंच टाकून बाईंच्या घरी गेले. त्या गाडीत बसायच्या तयारीत होत्या, तोंडाला रंग लावायचा डबा पिशवीत भरत होत्या. मी फोनवरचं सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला. विचारलं, "वॉर्डातल्या पेशंटाहीले त्रास नाई झाला ना?"

"नाई बाई. स्टाफरूम बाजूले राह्यते."

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसायला पाठ फिरवली. बाहेर गाडीवाला हॉर्न देत होता. मी त्याला जाऊन सांगितलं, पाच मिनिटं थांब, बाई येऊन राहिल्या.